मोठ्यानं वाचलेलं वाक्य

गेल्या वर्षीची गोष्ट. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. जळगावात दुपारी वीज गेलेली, कूलर बंद, खिडकीला ओली चादर लावली होती आणि ती अर्ध्या तासात कडक वाळत होती. फरशीवर उशी टाकून मी आडवी पडले होते आणि धाकट्या बहिणीला मेसेज लिहीत होते. माहेरी कधी जायचं, कोण किती दिवस राहणार, हेच नेहमीचं. यादीत सगळ्यात वर तिचं नाव होतं. मी बोट टेकवणार तेवढ्यात काकांनी घरच्या ग्रुपवर टरबुजांनी भरलेल्या ट्रॅक्टरचा फोटो टाकला असणार. यादी एका घरानं खाली सरकली आणि बहिणीच्या जागी ग्रुप आला. दोघांनाही एकच गोल फोटो होता, आदल्या आखाजीला कडुनिंबाला बांधलेल्या झोक्याचा. मी वर न बघता लिहीत गेले.

लिहिलं होतं ते असं: "या वर्षी पण मांड्यांच्या वेळी वहिनी बरोबर कुठेतरी निघून जातील बघ. आपण दोघींनी खापरापुढे भाजून निघायचं. खरं सांगू का, आई गेल्यापासून ते घर माहेर राहिलंच नाही."

ग्रुपवर तेवीस जण आहेत. दादा आहे, वहिनी आहेत, दोन काका, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, पुण्याला शिकणारी मुलं.

चूक कळायला चारएक मिनिटं गेली असतील. बहिणीचा फोन आला. ती काही बोलली नाही, नुसतं "ताई, ग्रुप बघ" एवढंच म्हणाली. मी बघितलं आणि पहिल्यांदा जे वाटलं ते लाजेचं नव्हतं, ते शारीरिक होतं. तळपायापासून गार काहीतरी वर चढत गेलं, त्या चव्वेचाळीस डिग्रीच्या दुपारी. मग बोटांनी मनाच्या आधी काम सुरू केलं. मेसेजवर बोट दाबून धरलं, डिलीट, आणि 'सगळ्यांसाठी'. ही सोय २०१७ साली आली तेव्हा त्यासाठी सातच मिनिटं मिळायची, आता दोन दिवसांहून जास्त मिळतात, त्यामुळे वेळ संपण्याची भीती नव्हती. पण डिलीट करताना समोरच्याच्या डोळ्यांतलं पुसत नाही, फक्त त्याच्या फोनमधलं पुसतं. आणि तेही पूर्ण नाही. तिथं एक राखाडी ओळ राहते, की इथं काहीतरी होतं आणि ते काढलं. शिवाय एका चुलत वहिनीनं माझ्या मेसेजवर उत्तर म्हणून नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं होतं. माझा मेसेज गेला, पण तिच्या प्रश्नचिन्हाच्या वरच्या चौकटीत माझं वाक्य तसंच लटकत राहिलं. तिला फोन करून मी ते काढायला सांगितलं. तिनं लगेच काढलं आणि काही विचारलं नाही. तिचे ते न विचारणं मला अजून आठवतं.

डिलीट करण्याआधी मी एक गोष्ट बघून घेतली होती. मेसेज कोणी वाचला याची यादी. ग्रुपमध्ये टिक निळ्या व्हायला सगळ्यांनी वाचावं लागतं, त्यामुळे टिक राखाडी आहेत म्हणजे कोणी वाचलं नाही असं समजण्यात अर्थ नसतो. मेसेजच्या माहितीत जाऊनच बघावं लागतं. तिथं पाच नावं होती. वहिनींचं नव्हतं. त्या पाच नावांवरून मी तीन-तीनदा नजर फिरवली आणि दरवेळी छातीत थोडं मोकळं झालं. वहिनींनी वाचलेलं नाही. मग कदाचित काही बोलायचीच गरज नाही. कदाचित हे इथंच संपेल.

तो मोकळेपणा खोटा होता हे मला तेव्हाही आतून माहीत होतं. फोनच्या वरच्या पट्टीत उतरलेला मेसेज उघडल्याशिवायही वाचता येतो आणि त्याची नोंद त्या यादीत होत नाही. आणि आमच्या घरात तर त्याहून वेगळी रीत आहे. वहिनींचा फोन ओसरीवर खांबाजवळ चार्जिंगला लावलेला असतो. त्या मागच्या अंगणात, नाहीतर गच्चीवर. मेसेजचा आवाज झाला की बारा वर्षांचा भाचा फोन बघतो आणि जिथं असेल तिथून मोठ्यानं वाचून दाखवतो. "मम्मी, काकांनी टरबुजांचा फोटो टाकला." "मम्मी, पुण्याचा दादा सुट्टीला येतो म्हणतोय." हे मी स्वतः कितीदा ऐकलंय. तरी त्या पाच नावांच्या यादीला मी धरून बसले होते.

बहिणीचा पुन्हा फोन आला. ती माझ्याइतकीच घाबरली होती, कारण मेसेज कुणासाठी होता हे न सांगताही सगळ्यांना कळण्यासारखं होतं. ती म्हणाली, "सरळ सांगून टाक, मुलानं फोन घेतला होता." माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्यानं 'आई गेल्यापासून ते घर माहेर राहिलं नाही' असं कशाला लिहिलं असतं? पण प्रश्न खोटं पचेल की नाही हा नव्हता. प्रश्न असा की ते पचलं असतं तर त्या पोरानं पुढची कितीतरी वर्षं मामीच्या समोर ते घेऊन बसायचं होतं. मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "मग लिही की सॉरी, चुकून इथं आला."

मी ते लिहिलं. तीन वेळा लिहिलं. "सॉरी, चुकीच्या ग्रुपवर गेला." "सॉरी, दुसऱ्या कुणाला पाठवायचा होता." "सॉरी, गैरसमज नको." आणि तिन्ही वेळा पुसलं. आधी नीट कळेना की काय खटकतंय. मग त्या वाक्यांना वहिनींच्या जागेवरून ऐकून बघितलं. 'चुकून इथं आला' याचा अर्थ वहिनींना कसा लागेल? की याची जागा दुसरीकडे होती. तिथं हे बोललं जातं, नेहमी बोललं जातं, फक्त आज तुमच्या कानापर्यंत पोहोचलं. पत्ता चुकला याची मी माफी मागत होते. वाक्याची नाही.

आमच्या गावात पाटील आडनावाची घरं इतकी की पत्र पोचणं हा पोस्टमनचा पराक्रमच असायचा. मी सहावी-सातवीत असताना आजोबांच्या नावाचं एक आंतरदेशीय पत्र खालच्या गल्लीतल्या, त्याच नावाच्या दुसऱ्या म्हाताऱ्याकडे गेलं होतं. संध्याकाळी तो ते घेऊन आमच्या ओट्यावर आला. कडा फाडलेल्या होत्या. त्यानं पत्र आजोबांच्या हातात देऊन सांगितलं, की उघडलं माझ्या हातानं, चार ओळी वाचल्या, मग कळलं की माझं नाही, पुढं वाचलं नाही. त्या चार ओळी कोणत्या तेही सांगितलं. आजोबांच्या बहिणीकडच्या शेताच्या वादाच्या होत्या. आजोबांनी त्याला चहा पाजला. आजी नंतर कुरकुरली, की त्यानं सांगायची काय गरज होती, गप्प चिकटवून दिलं असतं तर आपल्याला कळलंही नसतं. आजोबा म्हणाले, मग मी त्याला रोज गल्लीत बघून विचार करत बसलो असतो की यानं वाचलं का. त्या दुपारी फरशीवर पडल्या पडल्या मला ते म्हातारे आठवले. चार ओळींचा आकडा सांगणारे.

म्हणजे मला वहिनींना सांगायला हवं होतं. त्यांनी वाचलं असो वा नसो.

फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा भाच्यानं उचलला. एरवी तो "आत्याऽऽ" असं ओरडून सुरुवात करतो. त्या दिवशी म्हणाला, "मम्मी गच्चीवर आहे. कुरडया उचलतेय." आणि गप्प. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. मी विचारलं नाही की तू वाचलंस का. बारा वर्षांच्या पोराकडून ते वदवून घ्यायचा मला हक्क नव्हता. मी म्हटलं, "मम्मीला सांग, आत्या उद्या सकाळी येतेय. एकटीच."

ती रात्र ग्रुपवर विचित्र गेली. राखाडी ओळीखाली कुणी काही लिहीना. दादानंही नाही. शेवटी साडेनऊला काकांनी, ज्यांच्या ट्रॅक्टरमुळे यादी सरकली होती, त्यांनी दुसरा फोटो टाकला आणि विचारलं, "जळगावला टरबूज काय भावानं चाललंय?" पुण्याच्या पुतण्यानं तिकडचा भाव सांगितला. मग कोणी आंब्याचं काढलं. हळूहळू ती राखाडी ओळ वर सरकत पडद्याबाहेर गेली. काकांचं वय सत्तरच्या पुढे आहे. त्यांनी हे मुद्दाम केलं की सहज, मी त्यांना कधी विचारलेलं नाही. मला ते मुद्दाम वाटतं, आणि तसंच वाटत राहावं अशी इच्छा आहे.

सकाळच्या एसटीनं निघाले. पाळधी, धरणगाव, अमळनेर. मोकळी काळी रानं, मधूनच शेताच्या बांधावर उपटून रचलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, बोरीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त. एवढ्याशा गोष्टीसाठी साठ किलोमीटर जायचं का, असं नवऱ्यानं विचारलं होतं. मलाही तो प्रश्न होता. फोनवर बोलता आलंच असतं. पण फोनवर मी पहिलं वाक्य बोलले असते आणि पलीकडून वहिनींनी "जाऊ द्या ताई" म्हटलं असतं. सुनेला नणंदेशी तेवढंच बोलता येतं. "जाऊ द्या" ऐकलं की मला सुटल्यासारखं वाटलं असतं आणि त्यांच्या मनातलं तिथंच राहिलं असतं. समोर बसल्यावर माणसाला गप्प बसायची सोय असते. फोनवर गप्प बसलं की समोरचा "हॅलो, हॅलो" करतो.

बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. त्यात एक अडचण होती. माझ्या मेसेजमधलं सगळं खोटं नव्हतं. मांड्यांच्या वेळी वहिनी खरंच जवळ नसतात. तीन वर्षं मी ते बघत होते. ज्याला मांडे करणं माहीत आहे त्याला कळेल. गहू भिजवून, वाळवून, दळून, ते पीठ फडक्यातून चाळायचं. पाणी लावत लावत कणीक इतकी मळायची की ती ओढली तरी तुटू नये. मग पुरण भरून, दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर एका झटक्यात टाकायची. एकीनं टाकायची, दुसरीनं जाळ सांभाळून उचलायची. एप्रिलच्या शेवटी, धुरात. तीस मांडे झाले की दंडांत जीव राहत नाही. तर तक्रार होती आणि ती बोलायला हवी होती. पण माफीच्या दिवशी नाही. माफीला तक्रार जोडली की ती सौदा होते. आणि दुसरं वाक्य, माहेराचं, ते तक्रारही नव्हतं. आई नसल्याचं दुःख मी त्या घरात राहणाऱ्या बाईच्या अंगावर फेकलं होतं. ही दोन वाक्यं वेगळी आहेत, हे मला धरणगाव मागे पडेपर्यंत कळलं नव्हतं.

वहिनी ओसरीवर कुरडया डब्यात भरत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं. "बठा ताई," म्हणाल्या, "चहा करस मी." मी म्हटलं, चहा नंतर. आधी ऐका. भाचा दारात उभा होता, त्याला मी जाऊ दिलं नाही, कारण त्यालाही काही सांगायचं होतं.

मी सांगितलं. काय लिहिलं होतं ते शब्दाला शब्द पुन्हा बोलले. ते तोंडानं उच्चारणं फार कठीण गेलं, लिहिताना तीन सेकंद लागले होते. म्हटलं, हे मी धाकटीला लिहीत होते, तिनं मला असं काही लिहिलं नव्हतं, हे माझं आहे. माहेराबद्दलचं जे लिहिलं ते वाईट होतं आणि खोटं होतं. मला आईची आठवण येते, त्यात तुमचा काही दोष नाही. मला माफ करा. बस. यापुढे 'पण' येऊ नये म्हणून मी ओठ मिटून घेतले. रडूही येत होतं, तेही आवरलं, कारण मी रडले असते तर वहिनी डबा बाजूला ठेवून माझीच समजूत काढायला आल्या असत्या आणि मग ज्याला लागलंय त्यानंच फुंकर घालायची वेळ आली असती.

त्या बराच वेळ कुरडया लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "माले माहीत शे." पोरानं वाचून दाखवलं होतं. अर्धं मोठ्यानं वाचलं आणि मध्येच थांबला. "पुढे काय?" म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाला काही नाही, आत्यानं डिलीट केलं. मग त्यांनी खाली येऊन फोन बघितला तर खरंच डिलीट झालं होतं. म्हणजे माहेराचं वाक्य त्यांनी माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं.

मी जर त्या यादीवर विश्वास ठेवून गप्प बसले असते, तर त्यांना अर्धंच माहीत राहिलं असतं. ते बरं झालं असतं का? हा प्रश्न मला अजून पुरता सुटलेला नाही. पण मग ते उरलेलं अर्धं त्या पोराकडे राहिलं असतं. त्यानं ते वाचलं होतं, आईला लागेल म्हणून गिळलं होतं, आणि रात्रभर सांभाळलं होतं. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "तू थांबलास ते बरोबर केलंस. लिहिलं मी होतं. तू फक्त वाचलंस." त्यानं मान हलवली आणि सायकल घेऊन निघून गेला.

वहिनी मग बोलल्या. राग आवाजात नव्हता, पण शब्द मोजलेले होते. मांडे त्यांना येत नाहीत. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, पण खापरापुढे आई बसायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी. आखाजीला लेकी येतात तेव्हा सुनेनं पाणी भरायचं, घागर पूजायची तयारी करायची, पाहुण्यांची ताटं बघायची. एकदा त्या बसल्या होत्या, पहिलाच मांडा फाटला, आई हसली, आम्हीही हसलो. मला ते आठवतही नाही. त्यांना कोण कुठं बसलं होतं तेही आठवत होतं. "आई गेल्या, तुम्ही दोघी त्यांच्या जागेवर बसल्या. मन्ही जागा कोठे व्हती?" आणि मग, डब्याचं झाकण लावता लावता, "मन्हं बी माहेर नही राह्यनं, ताई." त्यांची आई गेली त्याला तेव्हा सात महिने झाले होते. मी दिवसाला गेले होते, जेवून परत आले होते.

मी यावर काही बोलले नाही. आपल्या माफीनंतर समोरच्यानं त्याची तक्रार काढली तर ती ऐकून घ्यायची असते, तिला लगेच उत्तर द्यायचं नसतं, एवढं त्या क्षणी कसं कोण जाणे सुचलं.

चहा झाल्यावर मी विचारलं, ग्रुपवर लिहू का? मला वाटलं होतं की नको म्हणतील. त्या म्हणाल्या, लिहा. पाच जणांनी वाचलं ना, मग ते पन्नास जणांना सांगतील. पण 'वहिनींनी मोठ्या मनानं माफ केलं' असलं काही लिहू नका. मी ते वाक्य मनात तयारच ठेवलं होतं. शेवटी त्यांच्यासमोर बसून लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं आणि मग पाठवलं: "काल दुपारी मी इथं वहिनींबद्दल लिहिलेलं चुकीचं होतं. आज घरी येऊन त्यांची माफी मागितली आहे. कृपया यावर इथं कोणी काही लिहू नका. आखाजीला भेटू." बहिणीचा उल्लेख नाही, कारण नाही, हात जोडलेले चेहरे नाहीत. काकांनी खाली अंगठा दिला. बाकी कोणी काही लिहिलं नाही. दादा संध्याकाळी शेतातून आला आणि म्हणाला, "मुक्काम करतेस ना?"

परत आल्यावर दोन बारीक कामं केली. ग्रुपचा फोटो बदलला, आता तिथं घराचा निळा दरवाजा आहे. आणि बहिणीचं नाव यादीत वर पिन करून टाकलं, म्हणजे कोणाचाही मेसेज आला तरी ते जागचं हलत नाही. पाठवण्याआधी वरचं नाव बघायची सवयही लागलीय. यातलं काहीच त्या दुपारच्या वाक्याला अडवू शकलं नसतं. ते बहिणीकडे बिनचूक पोचलं असतं आणि आम्ही दोघी त्यावर आणखी चार वाक्यं बोललो असतो.

आखाजीला खापर मांडलं तेव्हा मधली जागा मोकळी ठेवली होती. वहिनी आल्या, पदर खोचून बसल्या. पहिला मांडा फाटला. कोणी हसलं नाही, आणि ते न हसणं इतकं जाणवत होतं की वातावरण अवघडलं. दुसरा हातावरच भोक पडून गेला. तिसऱ्याला त्या उठल्या, म्हणाल्या, पाहुण्यांचं बघते. मला वाटलं, संपलं. अर्ध्या तासानं परत आल्या, हात धुतले, पुन्हा बसल्या. मी कणकेला पाणी कसं लावायचं ते सांगायला लागले, तशी त्यांनी मान वर न करता मला थांबवलं.

"बोलू नका ताई. खापर तापेल शे."